दूरस्थ प्रशिक्षणाचे शीर्षक, वर्णन व नोंद

दूरदृश्य प्रणालीवरून होणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षणाला दोन आयुष्ये असतात. पहिले आयुष्य तास-दीड तासाचे असते. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी वक्ते बोलतात आणि प्रशिक्षणार्थी आपापल्या गावी बसून ऐकतात. दुसरे आयुष्य त्यानंतर सुरू होते. मुद्रित झालेली चित्रफीत संगणकीय भांडारात राहते आणि महिन्याने, वर्षाने, कधी पाच वर्षांनीही कोणीतरी ती शोधीत येतो. पहिल्या आयुष्याची तयारी कार्यालये मनापासून करतात. दुसऱ्याचा विचार मात्र सहसा कोणी करीत नाही, कारण तोवर कार्यक्रम 'पार पडलेला' असतो.

चित्रफितीचे हे दुसरे आयुष्य तीन गोष्टींवर अवलंबून असते: तिचे शीर्षक, तिचे वर्णन आणि तिच्यासोबत जोडलेली नोंद. या नोंदीला संगणकाच्या परिभाषेत मेटाडेटा म्हणतात. ग्रंथालयात पुस्तकापेक्षा वेगळे सूचिपत्र असते. त्यावर ग्रंथाचे नाव, लेखक, वर्ष, भाषा व विषय लिहिलेले असतात आणि वाचक आधी सूचिपत्राकडे जातो, मग पुस्तकाकडे. मेटाडेटा हे चित्रफितीचे सूचिपत्र होय. पुस्तक कपाटात आहे पण सूचिपत्र नाही, असे झाले तर ते पुस्तक असून नसल्यासारखे होते.

सन २०२० मध्ये टाळेबंदीच्या काळात प्रत्यक्ष प्रशिक्षणे थांबली, तेव्हा राज्यातील शिक्षण, कृषी, आरोग्य व ग्रामविकास या सर्वच क्षेत्रांत दूरस्थ प्रशिक्षणाचा प्रसार झाला. शिक्षकांसाठीचा 'निष्ठा' हा राष्ट्रीय प्रशिक्षण कार्यक्रम ऑगस्ट २०१९ मध्ये प्रत्यक्ष वर्गांच्या स्वरूपात सुरू झाला होता. तो ऑक्टोबर २०२० पासून 'दीक्षा' मंचावर आला. 'दीक्षा'वरील साहित्याला इयत्ता, माध्यम, विषय अशा खुणा जोडलेल्या असतात, आणि पाठ्यपुस्तकातील क्यूआर संकेत मोबाइलपुढे धरला की नेमका पाठ उघडतो. ही सोय आधी ठरविलेल्या सूचीमुळे होते. तालुका वा जिल्हा पातळीवरील कार्यालये जी प्रशिक्षणे यूट्यूबवर थेट प्रक्षेपित करतात, त्यांच्यासाठी अशी सूची कोणी आयती तयार करून देत नाही. ती ज्याची त्यालाच करावी लागते.

एक उदाहरण

परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यात, पूर्णा-नांदेड लोहमार्गावर चुडावा हे गाव आहे. परिसर काळ्या जमिनीचा आणि कपाशी हे या जिल्ह्याचे जुने पीक. परभणी येथे १८ मे १९७२ रोजी कृषी विद्यापीठ स्थापन झाले. पूर्वी मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणून ओळखली जाणारी ही संस्था २०१३ पासून वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखली जाते. म्हणजे विषयतज्ज्ञ जवळच आहेत; प्रश्न त्यांचे सांगणे चुडाव्यासारख्या गावात योग्य वेळी पोचण्याचा आहे.

एक कल्पित प्रशिक्षण घेऊन पाहू. गावपातळीवरील कृषी कर्मचारी, कृषिमित्र व शिक्षक यांच्यासाठी गुलाबी बोंडअळीवर दीड तासाचे दूरस्थ प्रशिक्षण मंगळवार, दिनांक २९ जुलै २०२५ रोजी सकाळी ११ वाजता ठेवले आहे, असे समजावे. दिवस विचारपूर्वक निवडला आहे. कामगंध सापळे पेरणीनंतर साधारण ४५ दिवसांनी लावावयाचे असतात आणि जूनच्या मध्यावर पेरलेल्या कपाशीला हे दिवस जुलैअखेर भरतात.

आता शीर्षक. कार्यालयीन सवयीनुसार ते पुढीलप्रमाणे लिहिले जाण्याचा संभव आहे: 'भव्य एकदिवसीय ऑनलाइन जिल्हास्तरीय शेतकरी व कर्मचारी प्रशिक्षण कार्यक्रम – कापूस पीक व्यवस्थापन'. निमंत्रणपत्रिकेवर हे शोभून दिसेल. परंतु यातील 'भव्य', 'एकदिवसीय', 'जिल्हास्तरीय' व 'कार्यक्रम' या शब्दांनी शोधणाऱ्यास काहीच सांगितलेले नाही. बोंडअळीचा तर उल्लेखच नाही, आणि पिकाचे नाव अगदी शेवटी आले आहे.

येथे देवनागरीची एक अडचण लक्षात घ्यावी लागते. यूट्यूबवर शीर्षकासाठी १०० चिन्हांची मर्यादा आहे. डोळ्यांना 'प्रशिक्षण' हा शब्द चार अक्षरांचा दिसतो. संगणक मात्र त्यात नऊ चिन्हे मोजतो, कारण जोडाक्षरातील प्रत्येक व्यंजन, त्यांमधील हलन्त आणि प्रत्येक मात्रा तो वेगळी धरतो. त्या हिशेबाने उपरोक्त शीर्षक ९४ चिन्हांचे आहे आणि 'कापूस' हा शब्द ७४ चिन्हांनंतर येतो. मर्यादेत ते कसेबसे बसते, पण मोबाइलच्या यादीत शीर्षकाच्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात व उरलेला भाग तीन टिंबांत लुप्त होतो. चुडाव्याच्या एखाद्या कर्मचाऱ्याला यादीत 'भव्य एकदिवसीय ऑनलाइन जिल्हास्तरीय…' एवढेच दिसेल, आणि त्याखालच्या दुसऱ्या तीन चित्रफितींचीही सुरुवात कदाचित अशीच असेल.

त्याऐवजी असे शीर्षक घ्यावे: 'गुलाबी बोंडअळी: कामगंध सापळ्यांची नोंद व बोंडांची तपासणी – कापूस, खरीप २०२५'. याची चिन्हे ७५ भरतात. किडीचे नाव सर्वांत आधी येते, पाठोपाठ प्रशिक्षणात शिकविलेली दोन कामे येतात, आणि शेवटी पीक व हंगाम. यादीत शेपूट तुटले तरी अर्थ राहतो. शासकीय पत्र लिहिणाऱ्यास ही रीत परकी वाटू नये. पत्रावर 'विषय' या शब्दापुढे जी ओळ लिहिली जाते ती अशीच असते. 'महत्त्वाचे पत्र' असा विषय कोणी लिहीत नाही. कशाबाबत, कोणत्या वर्षाचे, हे लिहितात. प्रमुख पाहुण्यांची नावे पत्रिकेत जरूर असावीत, शीर्षकात नसावीत, कारण वर्षानंतर बोंडअळी शोधणारा माणूस पाहुण्यांचे नाव टंकलिखित करीत नाही.

तो काय टंकलिखित करतो, हे मात्र पाहण्यासारखे आहे. 'बोंडअळी', 'बोंड अळी', 'बोंडआळी' अशी तिन्ही लेखने प्रचलित आहेत आणि अनेकजण मोबाइलवर रोमन लिपीत `gulabi bond ali` असेही लिहितात. रेल्वे स्थानकाच्या फलकावर एकाच गावाचे नाव तीन लिप्यांत-भाषांत लिहिलेले असते, ते यासाठीच की येणारा प्रवासी कोणती वाचील हे सांगता येत नाही. शीर्षकात एकच प्रमाण लेखन ठेवावे. उरलेली रूपे वर्णनाच्या शेवटच्या ओळीत एकदा लिहावीत. तीच ती रूपे दहा वेळा लिहिल्याने शोध सुधारत नाही, वर्णन मात्र वाचण्याजोगे राहत नाही.

वर्णन दोनदा लिहावे लागते

प्रक्षेपणापूर्वीचे वर्णन निमंत्रणाचे काम करते, नंतरचे सूचिपत्राचे. एकच मजकूर दोन्ही कामे करू शकत नाही, आणि बहुतेक चुका यातूनच होतात. 'आज सकाळी ११ वाजता खालील दुव्यावर सामील व्हा' ही ओळ कार्यक्रमाच्या दिवशी योग्य असते. दुसऱ्या दिवशीपासून ती वाचणाऱ्यास दिशाभूल करणारी ठरते. 'आज', 'उद्या', 'येत्या मंगळवारी' हे शब्द वर्णनात मुळीच येऊ नयेत. वार, दिनांक, वर्ष व वेळ पूर्ण लिहावी.

आधीचे वर्णन असे असावे: 'कपाशीतील गुलाबी बोंडअळीचा प्रादुर्भाव कामगंध सापळ्यांच्या नोंदीवरून आणि हिरवी बोंडे फोडून कसा ओळखावा, याचे प्रात्यक्षिकासह प्रशिक्षण. गावपातळीवरील कृषी कर्मचारी, कृषिमित्र व शिक्षक यांच्यासाठी. मंगळवार, २९ जुलै २०२५, सकाळी ११ ते दुपारी १२.३०. भाषा मराठी. प्रमाणपत्र केवळ थेट उपस्थितांना मिळेल. चित्रफीत नंतर सर्वांना पाहता येईल.' यात पहिले वाक्य सर्वांत मोलाचे आहे. वर्णनासाठी यूट्यूब ५,००० चिन्हांची जागा देते, परंतु 'अधिक पाहा' हे बटण दाबल्याशिवाय आरंभीच्या ओळींखेरीज काही दिसत नाही. तेथे शासनाच्या योजनांची प्रस्तावना लिहिली तर वाचक तिच्यातच थांबतो. प्रमाणपत्राविषयीची ओळ क्षुल्लक वाटते, पण ती नसली की कार्यक्रमानंतर आठवडाभर कार्यालयात त्याच एका प्रश्नाचे दूरध्वनी येत राहतात.

झूमसारख्या मंचावर सभा असेल तर प्रवेशाचा दुवा व परवलीचा शब्द खुल्या वर्णनात देऊ नये. नोंदणी केलेल्यास तो स्वतंत्रपणे कळवावा. खुला दुवा कोठेही फिरतो आणि मग प्रशिक्षणाशी संबंध नसलेली माणसे सभेत शिरून व्यत्यय आणतात. संपर्कासाठी कर्मचाऱ्याचा वैयक्तिक भ्रमणध्वनी क्रमांकही देऊ नये. बदली झाली तरी तो चित्रफितीखाली वर्षानुवर्षे राहतो. पदनाम व कार्यालयाचा क्रमांक द्यावा, आणि शेतीविषयक शंकांसाठी किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा निःशुल्क क्रमांक आहेच.

प्रशिक्षण संपल्यावर त्याच दिवशी वर्णन बदलावे. दुवा व नोंदणीचा मजकूर काढावा, 'होणार आहे' याचे 'झाले' करावे आणि चित्रफितीतील प्रकरणांच्या वेळा घालाव्यात. दीड तासांच्या चित्रफितीत आपल्याला हवे ते कोठे आहे, हे न कळल्यास पाहणारा दहाव्या मिनिटाला ती बंद करतो. वेळा मात्र योग्य क्रमाने केलेल्या कामानंतरच लिहाव्यात, आणि हा क्रम कसा चुकतो ते उदाहरणाने स्पष्ट होईल.

चाचणीसाठी प्रक्षेपण १० वाजून ४८ मिनिटांनी चालू केले. प्रत्यक्ष बोलणे ११ वाजून ३० सेकंदांनी, म्हणजे मुद्रणाच्या १२ मिनिटे ३० सेकंदांनी सुरू झाले. आभारानंतर तीन मिनिटे रिकामा पडदा राहिला आणि १२.३५ला प्रक्षेपण बंद झाले. एकूण मुद्रण १ तास ४७ मिनिटांचे झाले. आरंभीचा व शेवटचा निरर्थक भाग कापला की १ तास ३१ मिनिटे ३० सेकंद उरतात. हा भाग न कापल्यास चित्रफीत उघडणाऱ्यास साडेबारा मिनिटे 'आवाज येतोय का?' एवढेच ऐकू येते. परंतु प्रकरणांच्या वेळा कापण्याआधीच्या मुद्रणावरून टिपल्या असतील, तर कापल्यानंतर त्या सर्व चुकतात. बोंडे फोडण्याचे प्रात्यक्षिक मूळ मुद्रणात ५२ मिनिटे १० सेकंदांवर होते. कापल्यानंतर ते ३९ मिनिटे ४० सेकंदांवर येते. म्हणून आधी कापावे, नंतर टिपावे. तयार यादी अशी दिसेल:

```
00:00 प्रशिक्षणाचा उद्देश
06:15 सापळा कोठे व कसा लावावा
22:40 पतंगांची रोजची नोंद
39:40 हिरवी बोंडे फोडून तपासणी
58:05 नोंदीवरून निर्णय
1:12:30 प्रश्नोत्तरे
```

पहिली वेळ 00:00 असावी लागते, किमान तीन वेळा चढत्या क्रमाने असाव्या लागतात आणि कोणतेही प्रकरण दहा सेकंदांपेक्षा कमी असून चालत नाही. यांपैकी एखादी अट मोडली तर यूट्यूब प्रकरणे पाडत नाही आणि कसली सूचनाही देत नाही. आकडे इंग्रजी अंकांत लिहावेत आणि जतन केल्यावर चित्रफितीच्या खालच्या पट्टीवर खंड पडले की नाही हे स्वतः पाहावे.

वेळ कोठे धरावी यालाही महत्त्व आहे. गुलाबी बोंडअळीबाबत निर्णयाची पातळी अशी सांगितली जाते: प्रत्येक सापळ्यात एका रात्रीत आठ किंवा अधिक पतंग, आणि असे सलग तीन रात्री; अथवा तपासलेल्या फुलांत वा हिरव्या बोंडांत दहा टक्के प्रादुर्भाव. एका एकरातून वीस हिरवी बोंडे फोडली आणि दोनांत जिवंत अळी सापडली, की दहा टक्के झाले. समजा, वक्ता म्हणाला, 'सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ पतंग दिसले तर', आणि वेळ टिपणाऱ्याने खूण 'आठ पतंग' या शब्दांवर केली. त्या खुणेवरून चित्रफीत उघडणाऱ्यास 'सलग तीन रात्री' ही अट ऐकूच येणार नाही. तो एका रात्रीत आठ पतंग पाहून फवारणीस निघेल. यास्तव खूण विषय सुरू होण्याच्या दहा-पंधरा सेकंद आधी, वाक्याच्या आरंभी करावी.

वर्णनात तांत्रिक मजकूर किती द्यावा, याविषयी मतभेद आढळतात. एकरी दोन सापळे, वीस बोंडे, दहा टक्के असे पाहणीचे आकडे वर्णनात देण्यास हरकत नाही. ते चुकीचे वाचले गेले तरी हानी मर्यादित असते. कीटकनाशकाचे नाव व मात्रा मात्र वर्णनात कधीही लिहू नये. वर्णनातील ओळ उचलून दुसऱ्या गटात पाठविणे फार सोपे असते, आणि तेथे ती पीक, हंगाम, वर्ष व खबरदारी या सर्वांपासून तुटलेली असते. मात्रा विद्यापीठाच्या वा कृषी विभागाच्या चालू वर्षाच्या लेखी शिफारशीतच पाहावी, असे लिहून त्या पत्रकाचा दुवा द्यावा.

दिनांकाचा प्रश्न

ही सावधगिरी अनाठायी नाही. सन २०१७च्या खरिपात महाराष्ट्रात गुलाबी बोंडअळीने कपाशीचे मोठे नुकसान केले आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. पुढे २०२३ मध्ये केंद्र शासनाने मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के एस.एल. या बहुवापरातील कीटकनाशकावर बंदीचा आदेश काढला. आता असे समजा की, २०१८ मधील एखाद्या प्रशिक्षणात त्याचा उल्लेख झाला होता आणि त्या चित्रफितीच्या शीर्षकात हंगाम नव्हता. २०२५ मध्ये 'कपाशी बोंडअळी उपाय' असे शोधणाऱ्यापुढे ती चित्रफीत आली, तर ती सात वर्षे जुनी आहे हे त्याला सहजासहजी कळणार नाही. वक्ता तज्ज्ञ आहे, बोलणे स्पष्ट आहे, कार्यालय शासनाचे आहे. त्या वेळी दिलेला सल्ला त्या वेळेपुरता योग्य असूनही आज अयोग्य ठरतो, आणि तो कालबाह्य आहे हे सांगणारी एकमेव जागा म्हणजे चित्रफितीची नोंद.

चित्रफितीखाली दिसणारा दिनांकही येथे भरवशाचा नसतो. तो चित्रफीत चढविल्याचा दिनांक असतो, बोलल्याचा नव्हे. कार्यालयाने नवी वाहिनी उघडली आणि जुन्या चित्रफिती तिच्यावर पुन्हा चढविल्या, की २०१८चे प्रशिक्षण २०२५चे भासू लागते. यासाठी शीर्षकात हंगाम व वर्ष, वर्णनाच्या पहिल्या परिच्छेदात प्रशिक्षणाचा दिनांक आणि यूट्यूबच्या तपशिलात 'रेकॉर्डिंग दिनांक' म्हणून असलेल्या रकान्यात तोच दिनांक, असे तिन्ही ठिकाणी लिहावे. त्याखाली 'शिफारशींचे पुनर्विलोकन: मे २०२६' अशी ओळ घालावी. पुनर्विलोकन करणाऱ्याचे पदनामही लिहावे. ते न लिहिल्यास मे महिना येतो आणि जातो.

कार्यालयाच्या किंवा जिल्ह्याच्या संकेतस्थळावर चित्रफीत लावली असेल, तर तेथे यंत्राला वाचता येईल अशी छोटी नोंद जोडता येते. शासकीय संकेतस्थळांसाठीच्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांची पहिली आवृत्ती २००९ मध्ये आणि तिसरी २०२३ मध्ये निघाली. संकेतस्थळ सांभाळणाऱ्या तंत्रज्ञास पुढील मजकूर दिला की पुरे. चित्राचा पत्ता तो स्वतः जोडील.

```json
{
  "@context": "https://schema.org",
  "@type": "VideoObject",
  "name": "गुलाबी बोंडअळी: कामगंध सापळ्यांची नोंद व बोंडांची तपासणी – कापूस, खरीप २०२५",
  "inLanguage": "mr",
  "dateCreated": "2025-07-29",
  "uploadDate": "2025-07-30T10:00:00+05:30",
  "duration": "PT1H31M30S"
}
```

यातील `mr` म्हणजे मराठी. शेवटची ओळ म्हणजे १ तास ३१ मिनिटे ३० सेकंद. बोलल्याचा आणि चढविल्याचा दिनांक येथे वेगवेगळ्या ओळींत आहेत हे ध्यानात यावे. वेळेपुढील `+05:30` हा भाग भारतीय प्रमाणवेळेची खूण आहे. थेट प्रक्षेपणाची वेळ अशाच नोंदीत देताना `+05:30`च्या जागी `Z` राहिला, तर सकाळचे ११ हे ग्रीनिचचे ११ समजले जातात आणि चुडाव्यातील मोबाइलवर प्रशिक्षणाची वेळ दुपारी साडेचार अशी दिसते. घोषणेत ११ आणि दिनदर्शिकेत साडेचार असा घोळ झाल्यास कारण बहुधा हेच असते.

नंतर उद्भवणाऱ्या अडचणी

पावसाळ्यात जोडणी तुटणे नेहमीचे आहे. प्रक्षेपण मध्येच खंडित होऊन पुन्हा सुरू केले, तर दोन चित्रफिती तयार होऊ शकतात. दोन्हींचे शीर्षक एकच राहिले की पाहणारा पहिली अर्धी पाहून प्रशिक्षण संपले असे समजतो. 'भाग १', 'भाग २' असे शीर्षकाच्या आरंभाजवळ लिहावे आणि एकाच्या वर्णनात दुसऱ्याचा दुवा द्यावा. याउलट प्रक्षेपण बंद करायचे विसरून यंत्र रात्रभर चालू राहिले, तर वेगळीच आपत्ती येते: बारा तासांपेक्षा लांबलेल्या प्रक्षेपणाची चित्रफीत आपोआप जतन होईल याची खात्री नसते.

प्रश्नोत्तरांच्या वेळी पडद्यावर प्रशिक्षणार्थींची नावे व कधी त्यांनी स्वतःच लिहिलेले भ्रमणध्वनी क्रमांक दिसतात. थेट सभेत ते मोजक्या लोकांसमोर असतात. चित्रफितीत ते सर्वांसमोर कायमचे राहतात. तो भाग कापावा, अथवा प्रश्न सूत्रसंचालकाने वाचून दाखवावेत. श्रवणदोष असलेल्यांसाठी, तसेच आवाज बंद ठेवून पाहणाऱ्यांसाठी मथळे द्यावयाचे असल्यास 'डोमकळी', 'फरदड', 'कामगंध' हे शब्द माणसाकडून तपासून घ्यावेत. यंत्राने लिहिलेल्या मथळ्यांत असे शब्द हमखास बिघडतात.

सारी व्यवस्था नीट झाली की नाही, हे ओळखण्याची एक साधी परीक्षा आहे. प्रशिक्षणास हजर नसलेल्या एखाद्या कर्मचाऱ्याच्या वा शिक्षकाच्या हाती त्याचाच मोबाइल द्यावा, दुवा देऊ नये, आणि 'एका एकरातून किती हिरवी बोंडे फोडावीत, हे प्रशिक्षणात कोठे सांगितले आहे ते शोधा', असे सांगावे. तो कोणते शब्द टंकलिखित करतो, यादीतील कितव्या चित्रफितीवर थांबतो आणि योग्य मिनिटावर पोचतो की नाही, हे शेजारी बसून मुकाट्याने पाहावे. त्याला चित्रफीतच सापडली नाही तर दोष शीर्षकाचा. सापडूनही उघडली नाही तर पहिल्या ओळीचा. उघडूनही जागा मिळाली नाही तर प्रकरणांच्या यादीचा. अशा दोन-तीन परीक्षांतून जेवढे कळते, तेवढे दर्शकांच्या संख्येवरून कळत नाही. चित्रफीत पाचशेजणांनी उघडली, एवढेच ती संख्या सांगते. ते तीस सेकंदांनी निघून गेले की काय, हे सांगत नाही.

राहिला प्रश्न कालबाह्य चित्रफितीचे काय करावे हा. ती पुसून टाकून तिच्या जागी नवी चढवावी, असे प्रथमदर्शनी वाटते. परंतु यूट्यूबवर एका चित्रफितीच्या पत्त्यावर दुसरी ठेवता येत नाही. जुनी पुसली की तिचा पत्ता मरतो, आणि परिपत्रकात छापलेला दुवा, ग्रामपंचायतीच्या फलकावर लावलेला क्यूआर संकेत व गटागटांतून फिरलेले संदेश हे सर्व एकदम निरुपयोगी होतात. यासाठी केवळ पाहणीची रीत शिकविणारी चित्रफीत पुसू नये. तिच्या शीर्षकाच्या आरंभी 'जुनी – खरीप २०२५' असे लिहावे आणि वर्णनाची पहिलीच ओळ 'या चित्रफितीतील शिफारशी खरीप २०२५ पुरत्या होत्या. चालू वर्षाचे प्रशिक्षण येथे पाहा' अशी करून पुढे नव्या चित्रफितीचा दुवा द्यावा. जीत बंदी आलेल्या कीटकनाशकाचा सल्ला आहे, ती मात्र खुली ठेवू नये. तिची दृश्यता 'खाजगी' करावी, कार्यालयाच्या नोंदवहीत तिचे शीर्षक, दिनांक, बंद केल्याचे कारण व आदेशाचा संदर्भ लिहावा, आणि ज्या परिपत्रकांत तिचा दुवा छापला आहे त्यांची शुद्धिपत्रे त्याच आठवड्यात ग्रामपंचायतींकडे पाठवावीत.